‘बद’ आणि ‘बॅड’ : दिसतं तसं का नसतं

प्रश्न : ‘बदनाम’, ‘बदफैली’ यांतला ‘बद’ फारसी आहे असं कळलं. इंग्रजीत ‘बॅड’ म्हणजेही वाईट. फारसी आणि इंग्रजी एकाच कुळातल्या, म्हणजे हे दोन्ही शब्द एकाच मुळातून आले असणार ना? आणि एवढ्या लांबच्या भाषा एका कुळातल्या आहेत हे सिद्ध तरी कसं करतात?

उत्तर : नाही, या दोन शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही. भाषा मात्र नक्कीच एका कुळातल्या आहेत, आणि गंमत म्हणजे भाषांचं नातं ज्या पुराव्याने सिद्ध होतं त्याच पुराव्याने या जोडीचं नातं फेटाळलं जातं. म्हणून दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकत्रच देतो.

आधी ‘बद’ बाजूला ठेवू आणि फारसीतले ‘ब’ने सुरू होणारे दुसरे काही शब्द घेऊ. वाऱ्याला फारसीत ‘बाद’ म्हणतात, संस्कृतात ‘वात’, इंग्रजीत ‘विंड’. नवरा वारलेली स्त्री फारसीत ‘बेवा’, संस्कृतात ‘विधवा’, इंग्रजीत ‘विडो’, लॅटिनमध्ये ‘विदुआ’. वीस या संख्येला फारसीत ‘बीस्त’, संस्कृतात ‘विंशति’, लॅटिनमध्ये ‘वीगिंती’. प्रत्येक ओळीत बाकीच्यांकडे ‘व’ आहे आणि आजच्या फारसीत ‘ब’. एखाद्या जोडीत असं झालं असतं तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. पण शब्दामागून शब्दात, त्याच जागी, तोच फरक दिसतो. अशा ठरावीक जुळणीला ध्वनिसंगती म्हणतात, आणि भाषाकुळाचा सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे. शब्द सारखे दिसणं हा पुरावा नव्हे; ते नियमाने वेगळे दिसणं हा पुरावा आहे.

म्हणजे ‘बद’चा इंग्रजी भाऊ असलाच, तर तो ‘व’ने सुरू व्हायला हवा.

इथे तुम्ही मला अडवू शकता, आणि अडवायलाच हवं. ‘बिरादर’ आणि ‘ब्रदर’ यांत तर दोन्हीकडे ‘ब’ आहे. ते चालतं, मग ‘बद’–‘बॅड’ का नाही? हा आक्षेप रास्त आहे. संस्कृतात तो शब्द ‘भ्रातृ’ आहे. ओझ्याला संस्कृतात ‘भार’, फारसीत ‘बार’ (आपलं ‘बारदान’ यातूनच आलं), आणि ओझं वाहणं इंग्रजीत ‘बेअर’. म्हणजे फारसीतला शब्दारंभीचा ‘ब’ दोन उगमांतून येतो: एक जुन्या ‘भ’पासून, दुसरा जुन्या ‘व’पासून. दोन ओढे एकत्र मिसळल्यावर पाणी कुठल्या ओढ्याचं हे नुसतं बघून कळत नाही, ते मिसळण्याआधीच्या जागी जावं लागतं. ती जागा म्हणजे मध्य फारसी, इस्लामपूर्व इराणच्या सासानी राजवटीतली भाषा. तिथे भाऊ ‘ब्रादर’ आहे, म्हणजे ‘ब’ तेव्हाही होता. वारा मात्र ‘वाद’ आहे, वीस ‘वीस्त’ आहे. आणि वाईट? ‘वद’. ‘बॅड’शी असलेलं साम्य सासानी काळात नव्हतंच, ते पुढे फारसीचा ‘व’ बदलल्यावर तयार झालं. इंग्रजीचा ‘बॅड’ही मध्य इंग्रजीतच ठळकपणे दिसू लागतो, आणि त्याची व्युत्पत्ती अजून वादातच आहे.

आता ‘एवढ्या लांबच्या भाषा’ या भागाकडे. ध्वनिसंगती सापडली की काम संपत नाही, कारण उसनवारीनेही शब्द नियमाने जुळू शकतात. मराठीत फारसी शब्द शेकड्यांनी आहेत म्हणून मराठी काही फारसीची मुलगी होत नाही. उसनं कोणतं आणि वारशाचं कोणतं हे वेगळं करण्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण मला आर्मेनियन भाषेचं वाटतं. तिच्यात इराणी शब्द इतके आहेत की एकोणिसाव्या शतकात बरेच दिवस तिला इराणीचीच एक शाखा समजत. १८७५ मध्ये हाइनरिश ह्यूबशमान या जर्मन अभ्यासकाने दाखवलं की ती स्वतंत्र शाखा आहे. त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे.

आर्मेनियनमध्ये वसंत ऋतूला ‘गारुन’ म्हणतात. संस्कृत ‘वसन्त’, लॅटिन ‘वेर’, फारसी ‘बहार’. ‘मी जाणतो’ याला जुन्या आर्मेनियनमध्ये ‘गितेम’. संस्कृतात ‘वेद’ म्हणजे जाणतो. किंमतीला ‘गिन’, वैदिक संस्कृतात ‘वस्न’ म्हणजे किंमत. इतरांच्या ‘व’च्या जागी इथे ‘ग’ येतो. कानाला पटत नाही, पण नियम पक्का आहे. आणि याच आर्मेनियनमध्ये वाईट याला शब्द आहे ‘वत’. ‘गत’ नव्हे, ‘वत’. घरचा शब्द असता तर त्याचा ‘ग’ झाला असता. म्हणजे तो बाहेरून आला, इराणीतून आला, आणि ‘व’चा ‘ग’ होऊन गेल्यानंतर पण फारसीत ‘व’चा ‘ब’ होण्यापूर्वी आला. तुमच्या ‘बद’चं जुनं रूप शेजारच्या भाषेत जपून राहिलंय. असे ‘व’वाले शब्द बाजूला काढल्यावर जे ‘ग’वाले उरतात, त्यांचे नियम इराणीशी जुळत नाहीत. त्यांची वाट थेट मूळ भाषेकडे जाते.

आणखी एक पुरावा आहे, तो व्याकरणातल्या वाकड्या जागांचा. संस्कृतात ‘अस्ति’ पण अनेकवचनात ‘सन्ति’, सुरुवातीचा ‘अ’ गळतो. लॅटिनमध्ये ‘एस्त’ पण ‘सुन्त’. जर्मनमध्ये ‘इस्त’ पण ‘सिंद’. शब्द उसने घेतात, पण एखाद्या क्रियापदाचा अनियमितपणा त्याच जागी तसाच्या तसा कोणी सहसा उसना घेत नाही. मला स्वतःला शंभर शब्दांच्या यादीपेक्षा ही एक जोडी जास्त पटते.

या रीतीची मर्यादा काळाची. दर हजार वर्षांनी जुने शब्द गळतात, नियमांवर नवे नियम चढतात, आणि काही हजार वर्षांपलीकडे खरी संगती आणि योगायोग यांत फरक करण्याइतक्या ओळीच उरत नाहीत. त्यामुळे जगातल्या सगळ्या भाषांचं एक मूळ काढल्याचा दावा कुणी केला, तर त्यात नियम किती आणि नुसती साम्यं किती एवढं बघा.

जाता जाता, ‘बेटर’ आणि फारसी ‘बेहतर’ ही जोडीसुद्धा अशीच फसवी आहे. फारसी शब्द ‘बेह’ अधिक ‘तर’ असा तुटतो, इंग्रजी ‘बेट’ अधिक ‘अर’ असा. दोन्हीतला ‘त’ वेगवेगळ्या तुकड्यातला आहे. मध्य फारसीत ‘बेह’चं रूप होतं ‘वेह’, आणि त्याचा वैदिक भाऊ ‘वस्यस्’, म्हणजे अधिक चांगलं. इराणीत अशा जागी ‘स’चा ‘ह’ होतो, म्हणून ‘वस्यस्’मधला ‘स’ तिथे दिसत नाही. याच घरातलं ‘सर्वांत उत्तम’ असं रूप संस्कृतात ‘वसिष्ठ’, अवेस्तात ‘वहिश्त’, आणि ‘व’चा ‘ब’ झाल्यावर फारसीत ‘बिहिश्त’, म्हणजे स्वर्ग. पखालीने पाणी आणणारा तो ‘बिहिश्ती’, आपला ‘भिस्ती’. ऐकायला ‘बद’ आणि ‘बॅड’ यांच्या पासंगालाही न पुरणारी ही जोडी, पण भिस्ती आणि वसिष्ठ खरोखरच एका मुळाचे आहेत.