स्वॅप फेल झाला तरी गॅस फी का जाते, आणि स्लिपेज किती ठेवायचं?

प्रश्न: डीईएक्सवर, म्हणजे विकेंद्रित एक्स्चेंजवर, ०.५ इथर देऊन एक छोटं टोकन घ्यायला गेलो. थोड्या वेळाने व्यवहार फेल दाखवला. टोकन आलं नाही, इथर जागेवर आहे, पण गॅस फी मात्र कापली. काम झालंच नाही तर फी कसली? ती परत मिळेल का? आणि पुढच्या वेळी स्लिपेज वाढवू का?

उत्तर:

फी परत मिळणार नाही. स्लिपेज म्हणजे दाखवलेल्या आकड्यापेक्षा किती टक्के कमी मिळालेलं चालेल ती मर्यादा. ते वाढवायचं की नाही हे त्या टोकनच्या पूलमध्ये, म्हणजे सौद्यांसाठी ठेवलेल्या इथर आणि टोकनच्या साठ्यात, किती माल आहे यावर ठरतं, आणि डोळे झाकून वाढवलंत तर गेलेल्या फीपेक्षा जास्त नुकसान करून घ्याल. दोन्हींची कारणं सांगतो. तुम्ही डीईएक्सचं नाव दिलेलं नाही, म्हणून इथेरियमवरचा युनिस्वॅप धरून चालतो. बाकीच्या बहुतेक ठिकाणी थोड्याफार फरकाने हेच असतं.

आधी फी. गॅस फी ही टोकन मिळवून देण्याची दलाली नाही. तुमचा व्यवहार ब्लॉकमध्ये घेऊन त्यातल्या सूचना एकेक करून चालवण्याचा तो मोबदला आहे. व्यवहार फसणार आहे हे ब्लॉक बनवणाऱ्या व्हॅलिडेटरला आधी कळत नाही. तो चालवून पाहिल्यावरच कळतं, म्हणजे काम तर झालेलंच असतं. फसलेले व्यवहार फुकट असते, तर कुणीही मुद्दाम फसणारे लाखो व्यवहार सोडून नेटवर्क ठप्प केलं असतं. शिवाय फीचा मोठा भाग, ज्याला बेस फी म्हणतात, ऑगस्ट २०२१च्या लंडन अपग्रेडपासून कुणाच्या खिशात जातच नाही, तो जाळला जातो. उरलेली टिप व्हॅलिडेटरला मिळते. त्यामुळे परतावा मागायचा म्हटलं तरी समोर कुणी नाही. ‘फी परत मिळवून देतो, फक्त सीड फ्रेज द्या’ असा मेसेज कुणाकडून आला, तर तो चोर आहे एवढं समजा.

व्यवहार रिव्हर्ट होतो म्हणजे त्याने मध्ये केलेले सगळे बदल पुसले जातात. तुमचे ०.५ इथर पूलमध्ये गेलेच नाहीत, अशीच नोंद राहते. मागे दोनच गोष्टी उरतात: कापलेली फी, आणि तुमच्या खात्याचा एकने वाढलेला व्यवहार क्रमांक. जो गॅस वापरलाच नाही त्याचे पैसे मात्र घेतले जात नाहीत. हेही पूर्वी असं नव्हतं. ऑक्टोबर २०१७च्या बायझँटियम अपग्रेडच्या आधी कॉन्ट्रॅक्टमधली अट मोडली की लावलेला सगळाच्या सगळा गॅस जायचा.

आता तुमचा व्यवहार कशामुळे फसला असावा ते आकड्यांनी बघू. समजा पूलमध्ये ५० इथर आणि १०,००,००० टोकन आहेत. म्हणजे एका इथरला २०,००० टोकन, आणि अर्ध्या इथरला १०,००० मिळायला हवेत. पण स्क्रीनवर अंदाज दिसतो ९,८७१ चा. १२९ कुठे गेले? साधारण ३० टोकन पूलच्या ०.३ टक्के फीत गेले. बाकीचे गेले कारण तुमच्या खरेदीनेच भाव वर सरकला. याला प्राइस इम्पॅक्ट म्हणतात आणि तो त्या ९,८७१ मध्ये आधीच धरलेला असतो. स्लिपेजची मर्यादा सुरू होते ती इथून पुढे. बरेच जण या दोन गोष्टींची गल्लत करतात.

तुम्ही स्लिपेज ०.५ टक्के ठेवलं असेल, तर ॲप त्याचं रूपांतर एका ठोस आकड्यात करतं: कमीत कमी ९,८२२ टोकन. हाच आकडा व्यवहारात लिहून जातो. टक्केवारी ब्लॉकचेनपर्यंत पोचतच नाही. तुम्ही सही केल्यापासून व्यवहार ब्लॉकमध्ये बसेपर्यंत जो वेळ जातो, त्यात दुसऱ्या कुणी त्याच पूलमधून ०.१ इथरची खरेदी केली, तर तुमच्या वाट्याला ९,८३२ येतात. निसटता, पण व्यवहार पास होतो. तेच कुणी १ इथरची खरेदी केली, तर तुम्हाला ९,४९० च मिळू शकतात. हे ९,८२२ पेक्षा कमी, म्हणून कॉन्ट्रॅक्ट सगळं मागे फिरवतो. युनिस्वॅपच्या तिसऱ्या आवृत्तीच्या राउटरमध्ये, म्हणजे स्वॅप चालवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये, ही अट एका ओळीची आहे:

```solidity
require(amountOut >= params.amountOutMinimum, 'Too little received');
```

ही ओळ कुठे येते ते महत्त्वाचं आहे. दुसऱ्या आवृत्तीच्या जुन्या राउटरमध्ये साध्या स्वॅपला हा हिशेब सुरुवातीलाच होतो, टोकन हलायच्या आधी. त्यामुळे तिथे फसलेला व्यवहार स्वस्तात सुटतो. तिसऱ्या आवृत्तीत आधी प्रत्यक्ष स्वॅप चालतो, किती मिळालं ते मोजलं जातं आणि मग अट तपासली जाते. म्हणजे जवळजवळ पूर्ण स्वॅपचा गॅस जळून झाल्यावर नकार येतो. ‘फेल होऊनसुद्धा एवढी फी कशी’ असं वाटतं, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

रुपयांत नाही, इथरमध्येच हिशेब करू. समजा फसेपर्यंत १,१०,००० गॅस लागला आणि तेव्हा दर २० ग्वेई, म्हणजे इथरचे २० अब्जांश, होता. गुणाकार केला की ०.००२२ इथर. यातला २१,००० गॅस तर कुठल्याही व्यवहाराला सुरुवातीलाच पडतो, तो टळत नाही.

आता स्लिपेज वाढवण्याकडे येऊ. ०.५ ऐवजी ५ टक्के ठेवलं असतं, तर किमान आकडा ९,४०० च्या आसपास आला असता आणि वरच्या उदाहरणातला १ इथरवाला आडवा येऊनही तुमचा व्यवहार पास झाला असता. पण तुमचा व्यवहार ब्लॉकमध्ये जाण्याआधी सार्वजनिक रांगेत, म्हणजे मेमपूलमध्ये थांबतो, आणि तो किमान आकडा तिथे कुणालाही वाचता येतो. त्या रांगेवर बॉट नजर ठेवून असतात. बॉट तुमच्या ठीक आधी तेवढीच खरेदी करतो की तुम्हाला ९,४०० च्या किंचित वर मिळतील, तुमच्या खरेदीने भाव आणखी चढला की लगेच आपला माल विकून मोकळा होतो. याला सँडविच म्हणतात. तुमच्या स्क्रीनवर हिरवं `Success` झळकतं आणि तुम्ही खूश. प्रत्यक्षात सुमारे ४७० टोकन कमी मिळालेले असतात, म्हणजे ०.०२३ इथरच्या आसपास. फसलेल्या व्यवहाराची फी होती ०.००२२. दहापट फरक आहे. म्हणून मला फेल झालेल्या व्यवहारापेक्षा ५ टक्क्यांवर पास झालेल्या व्यवहाराचीच जास्त धास्ती वाटते. गॅसचा दर खूप उतरलेला असला, तर हे पारडं आणखीच झुकतं. पॉलिगॉनसारख्या स्वस्त चेनवर तर एक-दोन वेळा फेल झालं तरी काही बिघडत नाही.

पुन्हा प्रयत्न करण्याआधी व्यवहाराचा हॅश इथरस्कॅनवर टाकून नेमकी चूक बघा. `Too little received`, `V3TooLittleReceived` किंवा `INSUFFICIENT_OUTPUT_AMOUNT` असं काही दिसलं, तर वर सांगितलेलीच गोष्ट आहे. `Transaction too old` किंवा `EXPIRED` असेल, तर भावाचा दोष नाही. टिप इतकी कमी होती की व्यवहार रांगेतच पडून राहिला आणि मुदत उलटली. ‘out of gas’ असेल, तर प्रकार वेगळाच. तिथे गॅस मर्यादा कमी पडलेली असते, आणि `Gas Limit & Usage by Txn` या ओळीत वापर जवळजवळ शंभर टक्के दिसतो. यात उरलेला गॅस परत मिळण्याचा प्रश्नच नसतो, कारण उरतच नाही. वॉलेटने सुचवलेली मर्यादा हाताने खाली ओढणाऱ्यांच्या बाबतीत हे हमखास होतं. काही टोकन प्रत्येक हस्तांतरावर स्वतःच काही टक्के कापून घेतात. तिथे स्लिपेज त्या कपातीपेक्षा जास्त असल्याशिवाय स्वॅप होतच नाही. अशा टोकनपासून मी स्वतः लांबच राहतो, कारण त्यातली काही फक्त विकत घेता येतात, विकता येत नाहीत.

भावामुळेच फेल झाला असेल, तर माझ्या मते आधी टिप थोडी वाढवावी. व्यवहार लवकर बसला की भाव सरकायला वेळच कमी मिळतो. तेवढ्याने भागलं नाही तर स्लिपेज ०.५ वरून १ करून बघावं, एकदम ५ नाही. आणि वॉलेट सही करण्याआधीच ‘हा व्यवहार फेल होण्याची शक्यता आहे’ असं सांगत असेल, तर ते ऐका. त्याने आत्ताच्या स्थितीवर तो चालवून बघितलेला असतो आणि तिथेच तो फसलेला असतो.

फेल होण्याची फीच नको असेल, तर तशीही सोय आहे. वॉलेटमध्ये फ्लॅशबॉट्स प्रोटेक्टचा आरपीसी, म्हणजे व्यवहार पाठवण्याचा पत्ता, जोडला, की व्यवहार सार्वजनिक मेमपूलमध्ये न जाता थेट ब्लॉक बांधणाऱ्यांकडे जातो. जो रिव्हर्ट होणार असेल तो ब्लॉकमध्ये घेतलाच जात नाही, म्हणून फी लागत नाही, आणि सँडविचवाल्यांनाही तो दिसत नाही. कधीकधी व्यवहार बसायला वेळ लागतो, एवढंच. काउ स्वॅपवर टोकन देत असाल, तर तुम्ही व्यवहार न पाठवता फक्त ऑर्डरवर सही करता. सौदा जमला नाही तर ऑर्डरची मुदत संपते आणि गॅस जात नाही. थेट इथर देत असाल, तर मात्र ऑर्डरसाठी व्यवहार पाठवावाच लागतो आणि त्याचा गॅस जातो. अप्रूव्हल, म्हणजे तुमचं टोकन उचलायची कॉन्ट्रॅक्टला परवानगी, द्यायचं असेल तर त्याचा गॅस मात्र दोन्हीकडे लागतो, आणि स्वॅप फेल झाला तरी आधी दिलेलं अप्रूव्हल तसंच राहतं. ते पुन्हा देऊन पैसे घालवू नका. तुमच्या बाबतीत इथर देऊन टोकन घ्यायचं होतं, त्यामुळे युनिस्वॅपवर अप्रूव्हलचा प्रश्न तसाही नव्हता.

भारतात कर भरत असाल, तर आणखी एक. एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि त्यातून खरेदीची किंमत सोडून दुसरा कुठलाही खर्च वजा करता येत नाही. फेल झालेल्या व्यवहाराच्या फीने तर काही खरेदीच झालेलं नाही, तेव्हा ती सीएकडे नेऊनही उपयोग नाही.