कॅशलेस नाकारलं, आता बिलाचे पैसे मिळतील का?

"बायकोचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे, पण विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या टीपीएने 'आजार जुना' म्हणून कॅशलेस नाकारलं. 96,000 रुपये मी भरले. आता विमा कंपनीला काय लिहू?"

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम बुडाला असं नाही. कॅशलेसचा निर्णय हॉस्पिटलने पाठवलेल्या दोन-चार कागदांवर घाईत होतो. आधी बिल भरून नंतर पैसे मागायच्या, म्हणजे प्रतिपूर्तीच्या क्लेममध्ये सगळे कागद नव्याने तपासावे लागतात. म्हणून आधी नकाराचं पत्र मागून घ्या. तुमच्या पत्रात उत्तर द्यायचं ते त्यात लिहिलेल्या कारणालाच.

हा प्रश्न विचारणाऱ्या तरुणाने पत्राचा जो पहिला मसुदा आणला, त्यात बायकोचे हाल आणि उसनवारी सविस्तर होती, नकाराचं कारण मात्र कुठेच नव्हतं. केसपेपर काढल्यावर घोळ सापडला. पोटदुखी 3 दिवसांची, पण कॅशलेसची मंजुरी मागणाऱ्या प्री-ऑथच्या फॉर्मवर कुणीतरी '3 वर्षे' लिहिलं होतं. पॉलिसीत आधीपासूनचे आजार वगळलेले, त्यामुळे तेवढ्यावरच नकार आला.

अशा वेळी जुन्या कागदावर खाडाखोड करून घेऊ नका, त्याने संशय वाढतो. सर्जनकडून लेटरहेडवर, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह वेगळा खुलासा घ्या. चूक खरोखर लिहिण्यातली असेल तरच, अर्थात. सोबत दाखल होतानाची नोंद, सोनोग्राफी आणि काढलेल्या अपेंडिक्सचा बायोप्सी रिपोर्ट जोडा. हा रिपोर्ट डिस्चार्जनंतर काही दिवसांनी येतो, म्हणून बरेच जण तो न्यायला विसरतात. त्यात 'अ‍ॅक्यूट अपेंडिसायटिस' लिहिलेलं असेल, तर दुखणं अचानक उद्भवल्याच्या म्हणण्याला मोठा आधार मिळतो.

पत्राचा गाभा शेवटी एवढाच उरला:

"विषय : नाकारलेल्या कॅशलेस दाव्याच्या बिलाची प्रतिपूर्ती मिळणेबाबत.
महोदय, माझ्या पत्नीचे कॅशलेस 'आजार जुना' या कारणाने नाकारण्यात आले. प्री-ऑथ फॉर्ममध्ये '3 दिवस' ऐवजी '3 वर्षे' अशी चुकीची नोंद झाली होती. सर्जनचा खुलासा व बायोप्सी रिपोर्ट सोबत जोडला आहे. तरी दाव्याचा गुणवत्तेवर विचार करून 96,000 रुपये माझ्या खात्यावर जमा करावेत. दावा नाकारल्यास पॉलिसीच्या नेमक्या कलमासह लेखी कळवावे."

वर पॉलिसी क्रमांक, कर्मचारी क्रमांक आणि क्लेम क्रमांक हवेतच. क्लेम फॉर्मचा 'अ' भाग तुम्ही भरायचा, 'ब' भाग हॉस्पिटलने; 'ब' वर शिक्का नसला की फाइल हमखास अडते. डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पैसे भरल्याच्या पावत्या आणि रद्द केलेला चेक लावा. मूळ कागद देण्याआधी पूर्ण संच झेरॉक्स करा, पोचही घ्या. मुदत पॉलिसीत पाहा. बहुधा ती डिस्चार्जपासून 15 किंवा 30 दिवस असते. एचआरकडे फाइल पडून राहिली तरी दिवस मोजले जातातच. हातमोज्यांसारख्या वस्तूंचे पैसे बहुतेक पॉलिसींत कापले जातात, तेव्हा पूर्ण रक्कम मिळेलच असं धरू नका.

पुन्हा नकार आला, तर विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर तुमच्या भागाच्या विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.