बदाम, अक्रोड की काजू: मुठीला किती, नगाला किती?

प्रश्न: सांगलीत तालमीला जातो. मूठभर बदाम, अक्रोड, काजू यांत प्रोटीन कशात जास्त? कॅलरी किती? नग मोजून खाल्ले तर?

उत्तर: प्रोटीनला बदामच. मूठ म्हणजे साधारण २८ ग्रॅम धरा. त्यात बदाम २३ येतात: प्रोटीन ६ ग्रॅम, फॅट १४, कॅलरी १६४. काजूत प्रोटीन ५, फॅट १२, कॅलरी १५७. काजूच सगळ्यांत चरबीचा, हा समज तालमीत पक्का आहे, पण खरा तेलकट अक्रोड: फॅट १८ ग्रॅम, कॅलरी १८५ आणि प्रोटीन जेमतेम ४.

नगाचा हिशोब वेगळा. एक बदाम ७ कॅलरी, अक्रोडाची अर्धी फाक १३. काजूत मात्र नग मोजून फसायला होतं. पाकिटावर डब्ल्यू ३२० असेल तर एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, साधारण ३२० नग बसतात. एक काजू १.४ ग्रॅमचा, ८ कॅलरीचा. डब्ल्यू १८० हा टपोरा काजू अडीच ग्रॅमचा, १४ कॅलरीचा. म्हणजे दहा काजूंच्या ८० कॅलरी होतील किंवा १४०. गणपती पेठेत सुटे घेतलेत तर घरच्या काट्यावर एकदा दहा नग तोलून बघा. तळलेल्या खाऱ्या काजूला हे आकडे लावू नका.