घड्याळ वडिलांच्या मृत्यूचं नाही, त्या नोटिशीच्या उत्तराचं

"वडील 2009 साली वारले. भावाने सातबाऱ्यावर एकट्याचंच नाव लावलं. 2014 मध्ये मी वकिलामार्फत हिस्सा मागितला, त्याने 'तुमचा काही संबंध नाही' असं लेखी उत्तर पाठवलं. नातेवाईक मिटवतो म्हणाले म्हणून थांबले. आता भाऊ म्हणतो, 12 वर्षं होऊन गेली, तुझा हक्क संपला. खरं आहे का?"

ताई, भावाने 12 हा आकडा बरोबर धरलाय, पण मोजायला चुकीच्या जागेवरून सुरुवात केलीय. वाटपाच्या दाव्याची मुदत मृत्यूच्या दिवसापासून चालत नाही. सहहिस्सेदारांपैकी एकाचा कब्जा तो सगळ्यांचा कब्जा, त्यामुळे भाऊ एकटा जमीन कसत होता एवढ्याने तुमचं काही जात नाही. फेरफाराने मालकीही ठरत नाही, ती महसुलाची नोंद असते. मुदत कायद्याच्या अनुच्छेद 110 प्रमाणे, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून आपल्याला वगळलंय हे वारसाला ज्या दिवशी कळलं, तिथून 12 वर्षं मोजतात. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित निघाली तर अनुच्छेद 65 येईल. तिथेही 12 वर्षंच, भावाचा कब्जा तुमच्याविरुद्ध झाला तेव्हापासून.

दोन्ही वाटा त्या उत्तरापाशी येऊन थांबतात, कारण त्यात हक्क उघडपणे नाकारलाय. पत्रावर 17 नोव्हेंबर 2014 आहे, तुमच्या लिफाफ्याच्या फोटोत पोचल्याचा शिक्का 22 नोव्हेंबरचा. म्हणजे मुदत 22 नोव्हेंबर 2026 पर्यंत. तो रविवार आहे, कायद्याने सोमवारी दावा चालतो, पण एवढ्या काठावर जाऊ नका. 17 तारीखच शेवटची धरा. शिवाय दिवाळीची सुट्टी त्याच महिन्यात. लिफाफा जपून ठेवा, तारखेचा तुमचा पुरावा तोच.

आता थोडं रागावतो. मामा-काकांच्या बैठकांनी मुदत थांबत नाही, दुसरी नोटीस पाठवल्याने नवी सुरू होत नाही. "उशीर माफ करून घेऊ" असं कुणी सांगत असेल तर विसरा: कलम 5 ची माफी अपील आणि अर्जांना आहे, दाव्याला नाही. मुदत गेली की कलम 27 ने मिळकतीवरचा हक्कच विझतो. मधल्या काळात भावाने हिस्सा मान्य करणारं काही लिहून सही केलं असेल तर कलम 18 चा आधार मिळू शकेल, पण त्यावर विसंबू नका.

भावाने कुणाला जमीन विकली असेल तर खरेदीदारालाही प्रतिवादी करा. तुम्ही त्या खताच्या पक्षकार नसल्याने "माझ्या हिश्श्यापुरतं बंधनकारक नाही" एवढी मागणी बहुधा पुरते. नक्की काय ते खत वाचूनच सांगता येईल, तेव्हा आधी दुय्यम निबंधकाकडे सूची 2 चा शोध घ्या.