ज्युनिअरची चूक ईमेलने कशी कळवावी?

‘माझ्या टीममधल्या ज्युनिअरच्या रिपोर्टमध्ये पुन्हा पुन्हा चुका होतात. तो दुखावणार नाही, पण सुधारेल, असा ईमेल कसा लिहू?’

ईमेल फक्त त्यालाच पाठवा, सीसीत कोणीही नको. ‘तू निष्काळजी आहेस’ हा शेरा झाला. त्याऐवजी काय घडलं ते लिहा. महापेला टीम सांभाळताना मी एका मुलीला साधारण असं लिहिलं होतं:

‘मंगळवारच्या आणि कालच्या रिपोर्टमध्ये पिव्हट टेबल रिफ्रेश न झाल्यामुळे मागच्या महिन्याचे आकडे गेले. क्लायंटने ते पकडले, दोन्ही रिपोर्ट पुन्हा पाठवावे लागले. यापुढे आधी रिफ्रेश कर आणि एकूण बेरीज मूळ शीटशी जुळवून बघ. पुढचे ३ रिपोर्ट दुपारी ४ पर्यंत मला दाखव. कुठे अडतंय का? उद्या ११ वाजता बोलू. चार्टखालच्या तुझ्या टिपा क्लायंटला उपयोगी पडतात, त्या तशाच ठेव.’

कौतुकाचं वाक्य खरं आणि नेमकं हवं. ते सुरुवातीला टाकून पुढे ‘पण’ जोडलात, तर वाचणाऱ्याच्या लक्षात फक्त ‘पण’ राहतो.

‘कुठे अडतंय का?’ हे मात्र गाळू नका. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘सर, डेटाच साडेपाचला येतो आणि रिपोर्ट सहाला जातो.’ अर्ध्या तासात तपासणी होणार कशी? मग मी क्लायंटशी बोलून वेळ सातची करून घेतली.

उत्तरात नुसतं ‘सॉरी, काळजी घेईन’ आलं, तर नक्की कोणती पायरी बदलणार, ते विचारा.