चार वर्षांच्या मुलीला तिचे आजोबा आता बरे होणार नाहीत, हे कसं सांगू? घरचे म्हणतात, काही सांगूच नकोस.

सांगा, आणि ते असतानाच सांगा. फक्त मरणाला झोप म्हणू नका.

माझी आई गेली तेव्हा दादाने त्याच्या पाच वर्षांच्या मुलाला सांगितलं, "आजी शांत झोपलीय." त्यानंतर पोरगा झोपेना. डोळे मिटायला लागले की दचकून उठायचा आणि शेजारी झोपलेल्या वहिनीच्या पापण्या बोटांनी उघडून बघायचा. दादा म्हणे, आजीची सवय होती, होईल हळूहळू ठीक. मी भाच्यालाच विचारलं. तो म्हणाला, "मी झोपलो आणि उठलोच नाही तर?"

मग मी सरळ सांगितलं. "आजी झोपलेली नाही, ती मेली. म्हणजे तिचं शरीर बंद पडलं. श्वास थांबला, हृदय थांबलं. तिला आता भूक लागत नाही, दुखत नाही. आणि हे परत सुरू होत नाही. झोपेत मात्र हृदय चालूच असतं." त्याचा हात धरून झोपलेल्या वहिनीच्या छातीवर ठेवला. बराच वेळ त्याने तो काढला नाही.

मग हळूच म्हणाला, "मी आजीच्या अंगावर उडी मारली होती, म्हणून?" या वयात मुलांना आपल्यामुळेच असं झालं असं सहज वाटतं, आणि विचारलं नाही तर ती बोलतही नाहीत. मी म्हटलं, "नाही. तिच्या किडन्या खराब झाल्या होत्या. उडी मारल्याने किंवा रागावल्याने तसं होत नाही." तेवढं ऐकून तो गाडी घेऊन खेळायला पळाला. दादा म्हणाला, "बघ, त्याला काही कळलंच नाही." कळलं होतं. लहान मुलं दुःख थोडं थोडं करतात, मध्येच खेळतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा "आजी कधी येणार?" हेही ठरलेलं, कारण 'कायमचं' हे या वयात एका बैठकीत उमगत नाही. दर वेळी त्याच शब्दांत उत्तर द्यायचं.

"एवढ्याशा पोरापुढे 'मेली' म्हणालीस," हे दादा अजून ऐकवतो. म्हणाले, आणि परत म्हणेन. पोराची झोप उडाली होती ती माझ्या शब्दाने नव्हे.

तुमच्याकडे आजोबा अजून आहेत, तेव्हा आजाराचं नाव घेऊन सांगा. नुसतं 'आजारी' म्हटलं तर उद्या तिला सर्दी झाली तरी ती घाबरेल. आजार पसरणारा नसेल तर "जवळ बसलीस तरी तुला होणार नाही" हेही सांगा. "तूही मरशील?" असं विचारलं तर "कधीच नाही" म्हणू नका. "बहुतेक माणसं खूप म्हातारी होईपर्यंत जगतात, आणि तुला सांभाळायला आम्ही आहोत" एवढं पुरे. तुमची श्रद्धा असेल तर तीही सांगा, पण शरीराचं सांगून झाल्यावर. आणि झोप, खाणं कित्येक आठवडे बिघडलेलं राहिलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, तिथे माझं हे उत्तर पुरणार नाही.