शंभर पुरणपोळ्या, खरे तास किती?

*ताई, मी ३६ वर्षांची, नाशिकला एका कार्यालयात हिशेब विभागात आहे. घरी नवरा, सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई. माझ्या पुरणपोळ्या सगळ्यांना आवडतात. आमच्या भागातल्या एका दुकानदाराने दर रविवारी शंभर पोळ्या मागितल्यात, पोळीमागे २५ रुपये देणार. मी तासाला वीस पोळ्या करते, म्हणजे पाच तास. सासूबाई मदत करतीलच. नवरा म्हणतो, 'झेपणार नाही.' मला वाटतं पाच तास तर कुणीही काढेल. मी हो म्हणू का?*

तुमचा तासाला वीस पोळ्यांचा आकडा मला पटतो. एक तवा, लाटणारी आणि भाजणारी एकच बाई असेल तर पोळीला तीन मिनिटं लागतातच. पण हे पाच तास फक्त तव्यासमोरचे आहेत. पुरण तयार आहे, कणीक भिजलेली आहे, ओटा मोकळा आहे, असं गृहीत धरून केलेला तो हिशेब आहे. कार्यालयात तुम्ही असा अर्धा हिशेब कुणाला मंजूर करून दिला नसता.

पूर्ण हिशेब मांडू या. किलोभर हरभरा डाळीत साधारण चाळीस पोळ्यांचं पुरण होतं, म्हणजे शंभरांना अडीच किलो डाळ आणि जवळपास तेवढाच गूळ. घरच्या कुकरमध्ये ही डाळ एका वेळी शिजत नाही, तीनदा लावावी लागते. मग कट निथळायचा, गूळ घालून डाव उभा राहीपर्यंत ढवळायचं, आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचं, कारण गार झालं की ते दगडासारखं होतं आणि हात भरून येतो. यात निदान तीन तास जातात. कुकरच्या शिट्ट्या होत असताना तुम्ही रिकाम्या असाल, पण बाहेर जाऊ शकणार नाही, मुलीला पोहायलाही नेता येणार नाही. तो वेळ धंद्याचाच धरा.

कणीक मळून तेलात तिंबायला पाऊण तास. मग तुमचे ते पाच तास. त्यानंतर पोळ्या पूर्ण गार व्हायला हव्यात. कोमट पोळी पिशवीत बंद केली की आत पाणी सुटतं, पोळी चिकटते आणि दोन दिवसांत बुरशी धरते, तेव्हा इथे घाई चालत नाही. पाच-पाचच्या वीस पाकिटांना तास लागेल. भांडी, पुरणयंत्राची जाळी आणि तुपकट ओटा आवरायला आणखी एक, बाजारहाटाला एक, दुकानात पोहोचवून परत यायला एक. दुकानदाराचे फोन, उरलेल्या पोळ्यांचा वाद, पैशांची आठवण आणि वही, असा आठवडाभर सुटा सुटा सांडणारा वेळही तासाभराचा होतो. बेरीज पावणेचौदा तासांची. तुमच्या अंदाजाच्या पावणेतीनपट.

असं चुकणं तुमच्या एकटीचं नाही. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळं बिघडलं तर किती, असं विचारल्यावर ४९. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून जास्त लागले. वाईटात वाईट धरूनही अंदाज कमीच पडला, कारण मन काम सुरळीत होताना डोळ्यांपुढे आणतं, मागच्या वेळी काय झालं ते नाही. म्हणून माझ्या बेरजेवरही विश्वास ठेवू नका. तुमच्या स्वयंपाकघरात घड्याळ लावा.

येत्या दोन रविवारी पन्नास-पन्नास पोळ्या करा. वीस करून पाहू नका. वीस पोळ्यांत पाठ दुखत नाही, आणि दुखायला लागल्यावर वेग किती पडतो हेच तर मोजायचं आहे. फ्रिजवर कागद चिकटवा आणि प्रत्येक काम सुरू केलं की वेळ लिहा, संपलं की लिहा. पहिल्या दहा पोळ्यांना किती मिनिटं लागली आणि शेवटच्या दहांना किती, ते वेगळं टिपा. शेवटच्यांना दीडपट वेळ लागला, किंवा पोळ्या फाटायला लागल्या, तर शंभरांचा आकडा पन्नासाच्या दुप्पट नाही, त्याहून बराच जास्त आहे. दुसऱ्या रविवारी घरी पाहुणे येणार असतील तर चाचणी पुढे ढकलू नका. पाहुणे धंद्याच्या रविवारीही येणार आहेत.

आता सासूबाईंबद्दल. 'मदत करतीलच' असं तुम्ही लिहिलंय, त्यांना विचारलंय असं नाही लिहिलं. त्या भाजणार असतील तर पाच तासांचे तीन होतील, पण ते तीन तास त्याही तव्यासमोर उभ्या असतील. त्यांचे गुडघे, त्यांची दुपारची झोप, त्यांची इच्छा, हे सगळं त्यांनी स्वतः सांगायचं आहे. कागदावर त्यांचे तास वेगळ्या रकान्यात लिहा आणि त्यांचा वाटा पैशातही काढा. नवऱ्याचंही तसंच. 'झेपणार नाही' म्हणणाऱ्याला विचारा, रविवारी मुलीबरोबर सकाळपासून कोण असेल, आणि पोळ्या पोहोचवायला कोण जाईल.

पैसेही तासांवर मांडा. डाळ, गूळ, कणीक, तूप, गॅस, पाकिटं मिळून पोळीला ११ रुपये धरले, तर शंभरांवर १४०० रुपये सुटतात. चौदा तासांना तासी शंभर. हे तुम्हाला पुरेसं आहे की नाही, ते तुम्हीच ठरवायचं, पण ठरवताना भागाकार पाच तासांनी करू नका.

तुम्ही म्हणाल, मग चाळीसनेच सुरुवात करते. तेही तपासून घ्या. बाजार, पोहोचवणं, आवरणं आणि फोन चाळीस पोळ्यांनाही जवळपास तेवढेच लागतात. सगळं मिळून साडेसात तास होतात आणि हातात ५६० रुपये येतात, तासी ७५. लहान ऑर्डर अंगाला हलकी असते, पण तासाच्या भावात महाग पडते. यातून वाट काढायची तर दुकानदाराला सांगा की पोळ्या तुम्हीच येऊन घ्या, आणि पैसे त्याच वेळी. एवढ्याने जवळपास दीड तास वाचतो. पुढे दुसरी शेगडी आणि दुसरा तवा आला, तर शंभरांचा विचार करता येईल.

दोन गोष्टी आठवड्याच्या तासांत येत नाहीत, पण त्यांना वेळ लागेल. अन्न सुरक्षेची नोंदणी एकदा करून घ्यावी लागेल, विकण्याआधीच. आणि होळी, पाडवा, पोळा या आठवड्यांत दुकानदार शंभरावर थांबणार नाही. वरची मर्यादा किती, ते आत्ताच बोलून घ्या. तुमच्या घरातही त्या दिवशी सण असणार.

दुकानदाराला आज इतकंच सांगा, 'दोन रविवार द्या, मग आकडा सांगते.' आणि त्या दोन रविवारांनंतरच्या सोमवारी सकाळी कार्यालयात बसल्यावर पहिल्या तासात किती काम झालं, तेही त्याच कागदावर लिहा.